भरल्या पोटावर झोपेची गोळी

“डॉक्टर, ही गोळी आता लागू पडेनाशी झाली आहे. जरा जास्त ताकदीची लिहून द्या.” झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांकडून ही मागणी वरचेवर येते. पूर्वी मी अशा वेळी गोळीचे नाव, तिचे प्रमाण आणि घेण्याचा कालावधी विचारीत असे. आता त्याआधी एक साधा प्रश्न विचारतो: “त्या रात्री जेवण किती वाजता संपले होते, आणि पानात काय होते?”

हा प्रश्न मला एका रुग्णाने शिकवला. त्यांची ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलून ती हकीकत येथे सांगतो.

अडुसष्ट वर्षांच्या एक काकू. पतीच्या निधनानंतर झोप उडाली, म्हणून मी त्यांना थोड्या दिवसांसाठी झोल्पिडेम ५ मिलिग्रॅम ही गोळी लिहून दिली होती. आपल्याकडे झोप लवकर लागावी म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी ही एक. काकू संध्याकाळी साडेसातला भाकरी-भाजी खात आणि दहा वाजता गोळी घेऊन अंथरुणावर पडत. अर्ध्या तासात झोप लागे. दोन आठवडे सारे सुरळीत चालले होते.

मग घरात नातवाच्या मुंजीचा दिवस उजाडला. रात्रीच्या पंगतीला पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार, कटाची आमटी, भजी आणि मसालेभात. काकूंचे पान उठायला पावणेदहा वाजले. सवा दहाला त्यांनी नेहमीप्रमाणे गोळी घेतली. सव्वाअकरा झाले तरी डोळा लागेना. दिवसभराच्या दगदगीने झोप हवीशी झाली होती आणि सकाळी पाहुण्यांसाठी लवकर उठायचे होते. ‘आज गोळीने काम केले नाही’ असे समजून त्यांनी साडेअकराला दुसरी गोळी घेतली. बाराच्या सुमारास झोप लागली. पहाटे दोनच्या आसपास त्या लघवीसाठी उठल्या, स्नानघराच्या उंबऱ्याशी तोल गेला आणि हातावर पडल्या. मनगटाचे हाड मोडले. सकाळी सूनबाई त्यांना घेऊन आल्या, तेव्हाही काकूंचे बोलणे जड होते आणि रात्री आपण कशा पडलो हे त्यांना नीट आठवत नव्हते.

“आई रोज एकच गोळी घेतात हो, डॉक्टर. काल कशी काय दुसरी घेतली, कळत नाही,” सूनबाई म्हणाल्या. मला मात्र आपल्याच चिठ्ठीतली उणीव कळून चुकली. मी चिठ्ठीवर ‘झोपताना एक’ एवढेच लिहिले होते. जेवणाशी या गोळीचे काय नाते आहे, आणि झोप लागली नाही तर काय करू नये, याबद्दल एक अक्षरही लिहिले नव्हते.

गोळी वाटेत कुठे अडकते?

तोंडावाटे घेतलेली गोळी रक्तात पोहोचते ती मुख्यत्वे लहान आतड्यातून. जठरात ती विरघळते, पण तेथून तिचे शोषण फारसे होत नाही. म्हणजे गोळीचा परिणाम केव्हा सुरू होणार, हे बऱ्याच अंशी जठर आपल्या तळाचे दार केव्हा आणि किती उघडते यावर ठरते.

पोट रिकामे असताना पाण्यासोबत घेतलेली गोळी फार वेळ जठरात थांबत नाही. घोटभर पाणी थोड्याच वेळात पुढे सरकते आणि त्यात विरघळलेले औषधही त्याच्याबरोबर आतड्यात उतरते. भरल्या पोटाची गोष्ट वेगळी. जठर अन्न घुसळते, बारीक करते आणि थोडे थोडे करून पुढे सोडते. साध्या जेवणाचा साधारण अर्धा भाग दोन तासांत पुढे जातो. भारी जेवण पुरते सरायला चार तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो.

यात तुपातेलाचे काम विशेष आहे. स्निग्ध पदार्थ लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोहोचले की तेथून काही संप्रेरके रक्तात सोडली जातात. ती जठराला सांगतात, “जरा सावकाश, इथे पचवायला वेळ लागणार आहे.” जठर मग आपली गती मंद करते. त्यामुळे दोन पोळ्या आणि पालेभाजीनंतर घेतलेली गोळी आणि तुपात भिजलेल्या पुरणपोळ्यांनंतर घेतलेली गोळी यांचा प्रवास सारखा नसतो. दुसरी गोळी विरघळते खरी, पण त्या अन्नाच्या लगद्यात मिसळून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसते.

आकडे काय सांगतात

झोल्पिडेमच्या माहितीपत्रकात याविषयीच्या एका अभ्यासाची नोंद आहे. ३० निरोगी पुरुषांना १० मिलिग्रॅमची गोळी एकदा रिकाम्या पोटी आणि एकदा जेवणानंतर २० मिनिटांनी देण्यात आली. रिकाम्या पोटी औषधाची रक्तातील पातळी सरासरी १.४ तासांनी, म्हणजे जवळपास १ तास २४ मिनिटांनी, शिखराला पोहोचली. जेवणानंतर तेच शिखर गाठायला २.२ तास, म्हणजे सुमारे २ तास १२ मिनिटे लागली. पाऊण तासाहून किंचित अधिक उशीर. शिवाय शिखराची उंची २५ टक्क्यांनी कमी झाली आणि रक्तात पोहोचलेले एकूण औषध १५ टक्क्यांनी घटले.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. झोप शिखरावर पोहोचल्यावर लागत नाही, ती चढणीवरच लागते. रिकाम्या पोटी ही चढण उभी असते. औषधाची पातळी झपाट्याने वाढते आणि अर्ध्या तासाच्या आतबाहेर मेंदूला गुंगी जाणवू लागते. भरल्या पोटी हीच चढण पसरट होते. औषध येते, पण इतके हळूहळू की गुंगीचा तो ठळक क्षण जाणवतच नाही. अंथरुणावर कूस बदलत पडलेल्या माणसाला वाटते की गोळी वायाच गेली.

ती वाया गेलेली नसते. पातळीचे शिखर थोडे ठेंगणे होते, पण औषधाचा मोठा भाग रक्तात येतोच. नेमके हेच ध्यानात न आल्यामुळे दुसरी गोळी घेतली जाते.

त्या रात्रीचा हिशेब

आता हे आकडे काकूंच्या रात्रीला लावून पाहू. शरीर घड्याळ लावून चालत नाही, तेव्हा हा हिशेब ढोबळ आहे. पण घोटाळा कुठे झाला ते त्यातून स्पष्ट दिसते.

पहिली गोळी सवा दहाची. एरवी तिचे शिखर पावणेबाराच्या जवळपास आले असते आणि पावणेअकरालाच डोळे मिटू लागले असते. जेवण संपून जेमतेम अर्धा तास झालेला असल्यामुळे त्या रात्री ते शिखर साडेबाराच्या पुढे गेले असावे. पंगतीचे जेवण लक्षात घेता कदाचित आणखीही पुढे. सव्वाअकराला काकू जाग्या होत्या, तेव्हा पहिली गोळी अजून चढणीवर होती.

दुसरी गोळी साडेअकराची. तिचे शिखर पावणेदोनच्या सुमारास. झोल्पिडेमची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला साधारण अडीच तास लागतात, आणि उतारवयात त्याहून अधिक. म्हणजे पहाटे दोन वाजता, काकू लघवीसाठी उठल्या त्या घटकेला, पहिली गोळी बऱ्याच प्रमाणात शिल्लक होती आणि दुसरी ऐन भरात होती. सुरुवातीला औषध कमी पडले असे वाटलेल्या काकू उत्तररात्री ठरवलेल्या प्रमाणाच्या दुपटीखाली होत्या. तोल, दृष्टी आणि आठवण या तिन्हींवर त्याचा परिणाम होणे अटळ होते.

वयस्कांच्या रक्तात या औषधाची पातळी अधिक चढते आणि ते अधिक वेळ टिकते. म्हणूनच त्यांना ५ मिलिग्रॅमच दिले जाते. स्त्रियांच्या शरीरातूनही ते पुरुषांच्या तुलनेत सावकाश बाहेर पडते. सकाळी राहणारी गुंगी ध्यानात घेऊन २०१३ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी स्त्रियांसाठी साध्या गोळीचे प्रमाण १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावले. काकूंच्या बाबतीत वय आणि स्त्रीदेह ही दोन्ही कारणे होती.

तेव्हा वाचकहो, या लेखातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा: झोप आली नाही म्हणून त्याच रात्री दुसरी गोळी घ्यायची नाही. पहिली गोळी हरवलेली नाही, ती वाटेत आहे.

‘जेवून घ्या’ हा नियम येथे का लागू नाही

आपल्या घरांतून औषधाचा एक नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही, पोट बिघडते. वेदनाशामक गोळ्यांच्या बाबतीत तो बहुधा योग्यच आहे, कारण त्यांतल्या अनेक गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात. झोल्पिडेमच्या बाबतीत मात्र पोटाला तशा आधाराची गरज नसते. येथे अन्न औषधाच्या वाटेत आडवे येते.

दुसरी अडचण गोळ्यांच्या डबीची. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल अशा चार गोळ्या असलेली वडीलधारी माणसे रात्रीच्या सगळ्या गोळ्या एका कप्प्यात ठेवतात आणि हात धुतल्यावर एकदमच घेऊन टाकतात. झोपेची गोळी त्या घोळक्यात जाते. माझी सूचना अशी की, ही एक गोळी त्या डबीतून बाहेर काढावी आणि रोज एकच, अशी उशाजवळच्या छोट्या डबीत ठेवावी. बाकीचे पाकीट घरातल्या दुसऱ्या कोणाकडे कपाटात असावे. यामुळे दोन गोष्टी साधतात. गोळी आपोआप जेवणापासून दूर जाते, आणि अर्धवट झोपेत दुसऱ्या गोळीकडे हात जाण्याची शक्यता उरत नाही.

मग वेळ कोणती पाळावी?

माहितीपत्रक एवढेच सांगते की, ही गोळी जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घेऊ नये. जठराच्या गतीचा विचार करून मी रुग्णांना तासांची भाषा सांगतो. हलके, साधे जेवण असेल तर ते संपल्यानंतर किमान दोन तास जाऊ द्यावेत. जेवण तळलेले, तुपकट किंवा भरपेट असेल तर तीन तास. रात्री साडेदहाला झोपणाऱ्याने आठपर्यंत पान उचललेले असावे, म्हणजे सोपा हिशेब होतो. गोळी पाण्यासोबत घ्यावी. झोपताना पेलाभर दूध घेण्याची सवय असेल तर ते गोळीच्या तासभर आधी घ्यावे, मलईचे नसावे आणि सोबत बिस्किटे नसावीत.

गोळी घेण्याआधी दार-खिडक्या, गॅस, उद्याची तयारी, देवाजवळचा दिवा ही सारी कामे उरकलेली असावीत. गोळी घेतली की अंथरुणावर पडायचे. यानंतर उठेपर्यंत सात ते आठ तास हाताशी हवेत. तेवढी रात्र शिल्लक नसेल तर गोळी घेऊ नये, नाही तर सकाळी वाहन चालवताना तिचा अंमल उरलेला असतो.

आता सणासमारंभाच्या रात्रीचे काय? लग्नाच्या स्वागत समारंभात जेवण साडेदहाला उरकले आणि सकाळी सहाला उठायचे असेल, तर तीन तास थांबून गोळी घेण्याइतकी रात्र उरतच नाही. अशा रात्री गोळी टाळणे बहुतेकांना अधिक सुरक्षित ठरते. एक रात्र झोप उशिरा लागली तर नुकसान थोडे असते, पहाटे मोडलेल्या हाडाचे मोठे. मात्र ही मोकळीक कोणाला आहे, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. अनेक महिने किंवा वर्षे रोज अशी गोळी घेणाऱ्यांनी ती परस्पर, अचानक बंद करू नये. त्याने झोप अधिकच बिघडते आणि क्वचित गंभीर त्रासही होऊ शकतो. समारंभात मद्य घेतले असेल, तर मात्र त्या रात्री झोपेची गोळी अजिबात नको. दोहोंचा परिणाम एकत्र झाला तर श्वास मंदावण्यापर्यंत मजल जाते.

मधुमेही रुग्णांसाठी एक स्वतंत्र सूचना आहे. ‘रिकाम्या पोटी’ याचा अर्थ ‘न जेवता’ असा नाही. साखर कमी करणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने रात्रीचे जेवण चुकवले आणि वर झोपेची गोळी घेतली, तर साखर उतरल्याची लक्षणे झोपेत कळणारही नाहीत. त्यांनी जेवायचेच आहे, फक्त लवकर. जेवणाची वेळ सरकली की इन्सुलिनची वेळही सरकते, म्हणून हा बदल डॉक्टरांशी बोलून करावा. जुन्या मधुमेहात काहींचे जठर मुळातच मंदावलेले असते. थोडे खाऊनही पोट गच्च वाटत असेल, तर तेही सांगावे.

उपवासाची रात्र

याच्या उलट चूक उपवासाच्या दिवशी होते. दिवसभर फक्त पाणी आणि फळांवर राहिलेल्या व्यक्तीने रोजच्या वेळी गोळी घेतली, तर ती रोजच्यापेक्षा लवकर चढते. रोज अर्धा तास उसंत मिळते म्हणून गोळी घेऊन ओटा आवरायला गेलेली गृहिणी त्या रात्री ओट्यापाशीच पेंगू लागते. गोळी अंथरुणापाशीच घेण्याचा नियम उपवासाच्या दिवशी अधिक काटेकोरपणे पाळावा. आणि एकादशीला ‘आज पोट हलके आहे’ असे म्हणण्यापूर्वी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे कूट आणि त्यातले तूप आठवावे. जठराच्या दृष्टीने ते भारी जेवणच आहे.

सगळ्या गोळ्या सारख्या नव्हेत

झोल्पिडेमची सावकाश विरघळणारी गोळीही मिळते. तिच्या नावापुढे बहुधा ‘सीआर’ अशी अक्षरे असतात. जेवणानंतर घेतल्यास तिचे शिखर दोन तासांऐवजी चार तासांवर जाते. ही गोळी मोडू किंवा चावू नये, कारण त्यामुळे तिची सावकाश विरघळण्याची रचनाच बिघडते. एस्झोपिक्लोन या दुसऱ्या गोळीचे शिखर तुपकट जेवणानंतर सुमारे तासभर लांबते, आणि तिचा अंमल झोल्पिडेमपेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकतो. त्यामुळे उशिरा घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम यांसारख्या गोळ्या वेगळ्या कुळातल्या आहेत आणि त्या अनेकदा झोपेखेरीज अन्य कारणासाठी दिलेल्या असतात. त्यांच्या वेळा या लेखावरून बदलू नका. आपल्या पाकिटावरचे औषधाचे मूळ नाव पाहा आणि डॉक्टरांना विचारा.

गोळी निकामी की जेवण भारी?

हे घरच्या घरी ओळखता येते. दहा दिवस एका वहीत चार गोष्टी लिहाव्यात: जेवण किती वाजता संपले, ते हलके होते की भारी, गोळी किती वाजता घेतली आणि झोप अंदाजे केव्हा लागली. सतत घड्याळ पाहू नये, त्यानेच झोप उडते. सकाळी आठवून लिहिलेला अंदाज पुरेसा आहे. झोप लांबलेल्या रात्री भारी किंवा उशिराच्या जेवणाच्याच असतील, तर गोळी बदलायची नाही, ताटाची वेळ बदलायची. हलक्या, लवकरच्या जेवणानंतरही झोप येत नसेल, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते: दुपारची लांब झोप, संध्याकाळचा चहा, वेदना, मनाची काळजी, किंवा गोळीची झालेली सवय. या गोळ्या मुळात थोड्या दिवसांसाठी असतात, हेही तेव्हा ध्यानात घ्यावे. आणि गोळी घेतलेल्या रात्री झोपेत चालणे, खाणे, कोणाला दूरध्वनी करणे असे काही घडले व सकाळी त्याची आठवण नसेल, तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांना गाठावे.

काकूंचे मनगट सहा आठवड्यांच्या प्लास्टरनंतर जुळले. झोपेची गोळी आम्ही हळूहळू कमी करत पुढे थांबवली. मधल्या काळात त्यांनी वही ठेवली होती. एका पानावर सूनबाईंच्या हस्ताक्षरात नोंद होती: ‘बारशाचे जेवण, रात्री दहा. गोळी घेतली नाही. झोप साडेबाराला. सकाळी ठीक.’

तेव्हापासून माझ्या चिठ्ठीवर ‘झोपताना एक’ यापुढे आणखी दोन ओळी असतात: ‘जेवणानंतर किमान दोन तासांनी. झोप न आल्यास दुसरी घेऊ नये.’ आपल्या घरातल्या पाकिटावर त्या नसतील, तर आज पेनाने लिहून ठेवा.